पेटी कॅश दर महिन्याला कमी भरते : नऊ जणांच्या ऑफिसात नेमकं काय बदलायचं?

शिल्लक_शून्य

नाशिकमध्ये आमचं छोटं ऑफिस आहे. भागीदारी फर्म, दोन भागीदार आणि सात जणांचा स्टाफ. पॅकिंगच्या यंत्रांची दुरुस्ती हे काम, त्यामुळे चार इंजिनिअर कायम फिरतीवर असतात. पेटी कॅश रिसेप्शनवरच्या ताई सांभाळतात, व्हाउचरही त्याच लिहितात, टॅलीत मी घालते. पेटीतले पैसे संपत आले की ताई सांगतात आणि धाकटे भागीदार चेक देतात, कधी आठ हजारांचा, कधी दहाचा.

जुलैचा हिशेब असा : आरंभीची शिल्लक २,३५०. बँकेतून काढले १०,०००, १०,००० आणि ८,०००. एकूण ३०,३५०. व्हाउचरची बेरीज २७,१६५. म्हणजे पेटीत ३,१८५ हवेत. ३१ तारखेला मोजले तर निघाले १,९२०. तूट १,२६५. जूनमध्येही सातशेच्या आसपास होती, ती किरकोळ खर्चात टाकली गेली.

ताईंवर संशय नाही. पण पैसे जातात कुठे हे कळायला हवं. आणि इंजिनिअरांची बिलं मंजूर करताना काय काय बघायचं तेही सांगा.

नियम_बोला

सोपं आहे. पेटी ज्याच्या ताब्यात, तूट त्याची. एकदा पगारातून कापा, पुढच्या महिन्यापासून पै न पै जुळेल. आणि प्रत्येक व्हाउचरला रेव्हेन्यू स्टॅम्प लावून सही घ्या, त्याशिवाय व्हाउचर ग्राह्य नाही.

लाल_पेन

पगारातून कापाल तर पुढच्या महिन्यात खरंच जुळेल, पण कशानं जुळेल? 'चहापाणी ३८०' असं एक व्हाउचर वाढेल. तूट दिसणं ही चांगली गोष्ट आहे. ती दिसायची बंद झाली की काळजी करायची.

आणि स्टॅम्पचं : रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट पाच हजारांच्या वरच्या पावतीला लागतं. कुरियरच्या ऐंशी रुपयांना नाही.

शिल्लक_शून्य, तुमचा मूळ घोळ ताईंच्या पेटीत नसून त्या आठ-दहा हजारांच्या चेकात आहे. पेटी रिकामी व्हायला लागली की गोल आकडा भरायचा, म्हणजे पेटीत किती असायला हवेत हे महिनाअखेरपर्यंत कुणालाच माहीत नसतं. तूट तीन तारखेला झाली की सव्वीसला, याचा पत्ता लागत नाही. त्याऐवजी रक्कम कायमची ठरवून टाका. समजा ५,०००. मग कुठल्याही दिवशी, कुठल्याही क्षणी, पेटीतली रोकड अधिक न भरपाई झालेली व्हाउचरं मिळून ५,००० भरलेच पाहिजेत. भरपाईचा चेक त्या व्हाउचरांच्या बेरजेचाच. ३,६४० ची व्हाउचरं असतील तर चेक ३,६४० चा. चेकबुकात पेटी कॅशसाठी गोल आकडे दिसले की मी पुढचं न बघताही सांगतो, इथे रक्कम ठरलेली नाही.

आधी जुलैचं बघू. पेटीत नोटांशिवाय काय काय होतं? चिठ्ठ्या होत्या का?

शिल्लक_शून्य

हो, एक चिठ्ठी आहे. एका इंजिनिअरने २८ तारखेला ५०० नेले, 'नंतर बिल देतो' म्हणून. व्हाउचर झालेलं नाही.

नियम_बोला

मग उरले ७६५. याला ९ ने पूर्ण भाग जातो. म्हणजे आकडे उलटसुलट लिहिले गेलेत. १,८५० च्या जागी १,०८५ पडलंय का शोधा, नेमका ७६५ चा फरक येतो. हा हमखास नियम आहे.

लाल_पेन

हमखास नाही. चूक एकच असेल आणि ती आकड्यांच्या अदलाबदलीचीच असेल, तरच तो नियम चालतो. दोन-तीन वेगळ्या चुका मिळूनही बेरीज नऊच्या पाढ्यात येऊ शकते. पण शोधायला हरकत नाही. फक्त टॅलीच्या पडद्यावर शोधू नका. व्हाउचरचा गठ्ठा घ्या, मागचं मूळ बिल बघा, मग व्हाउचरवरचा आकडा, मग टॅलीतला. तिन्हींवर एकेक टिक. आणि व्हाउचरचे नंबर सलग आहेत का तेही बघा.

आणखी एक, तूट शोधताना दिशा लक्षात ठेवा. एकच व्हाउचर दोनदा नोंदलं तर पेटीत पैसे जास्त निघतात, कमी नाही. पेटी कमी भरते तेव्हा पैसे गेले पण नोंद झाली नाही, किंवा कमी रकमेची झाली. तेवढंच शोधायचं.

सोसायटी_सेक्रेटरी

आमच्या हौसिंग सोसायटीत वॉचमनकडेच दोन हजार ठेवलेले असतात, मोटर बिघडली, ड्रेनेज तुंबलं, यासाठी. ऑडिटर दरवर्षी शेरा मारतो. इथे चाललंय तसं व्हाउचर ठेवलं तर शेरा जाईल का?

तुळशीबाग_लेजर

सेक्रेटरीसाहेब, तुमचं प्रकरण वेगळं आहे. सोसायटीत रोकड कुणी ठेवायची आणि किती, हे उपविधींत असतं. वॉचमन हा बहुधा एजन्सीचा माणूस, तुमचा नोकरही नाही. व्हाउचर कितीही देखणं केलंत तरी 'ताबा कुणाचा' हा शेरा राहणारच. आधी उपविधी काढून वाचा, मग कमिटीच्या ठरावात माणसाचं नाव घाला. वेगळा धागा काढा, इथे गुंता होईल.

शिल्लक_शून्य, आणखी एक विचारते. ऑफिसात कुणाला रोख लागली तर ताईंना जीपे करून पेटीतून नोटा घेतात का?

शिल्लक_शून्य

जीपेचं आधी सांगते : हो! सर्रास. एटीएम लांब आहे. दोनशे, पाचशे असं चालतं. पण पैसे लगेच येतात ना त्यांच्या खात्यावर.

आता गठ्ठा. दोन गोष्टी सापडल्या. प्रिंटर दुरुस्तीचं बिल ८७० चं, व्हाउचरवर ७८० लिहिलंय आणि टॅलीतही ७८०. म्हणजे ९०. दुसरं, १९ तारखेला टेम्पोतून मोटर उतरवायला दोन हमाल बोलावले होते, त्यांना ३०० दिले. पावती मिळाली नाही म्हणून ताईंनी व्हाउचरच केलं नाही! उरले ३७५. ते सापडत नाहीत.

तुळशीबाग_लेजर

लगेच येतात, पण ताईंच्या खात्यावर. पेटीत नाही. महिन्यात दहा वेळा असं झालं आणि एकदा ताई ते पैसे काढून पेटीत टाकायला विसरल्या, की संपलं. चोरी कुणी केलेली नसते आणि पुरावाही कशाचा नसतो. ३७५ तिथेच गेलेत असं मी म्हणणार नाही, पण ही अदलाबदल आजच बंद करा. पेटी म्हणजे सुट्ट्यांचं दुकान नव्हे. ताईंनी त्यांच्या पर्समधून हवे तेवढे द्यावेत.

हमालांचं मात्र ताईंना नीट समजावून सांगा. पावती नसली तरी व्हाउचर होतंच. आपल्याच व्हाउचरवर काम लिहायचं, 'टेम्पोतून मोटर उतरवली, २ माणसं, प्रत्येकी १५०', घेणाऱ्याची सही किंवा अंगठा, आणि ते काम डोळ्यांनी बघितलेल्या दुसऱ्या कुणाची सही. टेम्पोची बिल्टी असेल तर तिचा नंबर. हमाली, रिक्षा, पंक्चर, नारळ-फुलं, याला पावती मिळत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. पावती नाही म्हणून व्हाउचर नाही, ही तर तूट तयार करायची हमखास पद्धत.

लाल_पेन

उरलेल्या ३७५ चं काय करायचं ते सांगतो. 'रोकड तूट' असं स्वतंत्र खातं उघडा, ३७५ त्यात टाका, व्हाउचरवर कारण 'सापडले नाही' असंच लिहा आणि थोरल्या भागीदारांची सही घ्या. किरकोळ खर्चात मिसळू नका. वर्षाअखेर त्या खात्यात बारा नोंदी असतील तर ती वेगळी कथा आहे, एकच असेल तर वेगळी. जूनचे सातशेही तिकडे हलवा.

आता कामांची वाटणी. पैसे हातात असणं, खर्चाला हो म्हणणं आणि वहीत नोंद करणं, ही तीन कामं एका माणसाकडे नकोत. तुमच्याकडे नोंद तुम्ही करता, हे बरं आहे. पण हो कोण म्हणतं? सध्या कुणीच नाही. ताई मागेल त्याला देतात.

त्यामुळे असं करा. ३०० रुपयांपर्यंत आणि ठरलेल्या पाच-सहा प्रकारांसाठी ताईंनी विचारायची गरज नाही : कुरियर, झेरॉक्स, रिक्षा, हमाली, स्टेशनरी. यादी पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा. त्याच्या वर, किंवा यादीबाहेरचं काहीही, पैसे देण्याआधी भागीदाराची मंजुरी. भरपाईचा चेक द्यायच्या वेळी सही करणाऱ्याने गठ्ठा समोर घेऊन प्रत्येक बिलावर 'अदा' शिक्का मारायचा. व्हाउचरवर नाही, बिलावर. शिक्का रकमेवरून आडवा जायला हवा आणि बाजूला व्हाउचर नंबर. कारण व्हाउचर आपण केव्हाही नवं लिहू शकतो, पण जुनं बिल सुटं करून परत लावलं तर ते शिक्क्याशिवाय ओळखता येत नाही.

शिल्लक_शून्य

भागीदार दोघेही बहुतेक बाहेर असतात. व्हॉट्सॲपवर मंजुरी चालेल?

नियम_बोला

चालणार नाही. कागदावर सहीच हवी. ऑडिटर मान्य करत नाहीत.

लाल_पेन

तुमच्याएवढ्या फर्मला चालतं, पण नुसता अंगठा चालत नाही. 'सर, टोनर आणि माउस घेऊ का, अंदाजे २,४००' असा मेसेज, त्यानंतर चार फोटो, त्यानंतर जेवणाची चौकशी, आणि खाली एक 👍. तो कशाला होता? मंजुरीच्या उत्तरात रक्कम आणि वस्तू शब्दांत आली पाहिजे : 'टोनर घ्या, २,४०० पर्यंत, माउस नको.' त्याचा स्क्रीनशॉट छापून व्हाउचरमागे लावायचा आणि भागीदार ऑफिसात आले की त्यावर सही. भरपाईचा चेक त्या सह्यांशिवाय द्यायचा नाही. म्हणजे नियम_बोला म्हणतात ती कागदावरची सहीही होते, फक्त नंतर.

भागीदारांचा स्वतःचा खर्च एकमेकांनी मंजूर करायचा. आणि घरचा गॅस, मुलांची फी पेटीतून गेली असेल तर ती त्या भागीदाराच्या उचल खात्यात, ऑफिसखर्चात नाही. हे स्टाफ बघत असतो.

तुळशीबाग_लेजर

रक्कम किती ठेवायची यावर बोलू. २७,१६५ मध्ये काय काय आहे, ढोबळ सांगाल?

शिल्लक_शून्य

चहा, पाण्याचे जार, पेपर ६,४००. कुरियर ३,९००. इंजिनिअरांना फिरतीसाठी दिलेले ९,५००. बाकी ७,३६५.

तुळशीबाग_लेजर

मग पेटी आपोआप लहान होईल. चहावाला आणि जारवाला रोज येतो, त्याला रोज रोख कशाला? वही ठेवा, रोज कपांचा आकडा लिहून कुणीतरी सही करा, महिन्याला बँकेतून द्या. (वही चहावाल्याकडे नको, आपल्याकडे. त्याच्या वहीत रविवारीसुद्धा चहा जातो.) कुरियरवाले महिन्याचं बिल देतात, तेही बँकेतून. फिरतीचा खर्च पेटीतून पूर्ण काढा, तो थेट इंजिनिअरच्या खात्यावर. उरले साधारण ७,४००, म्हणजे आठवड्याला दोन हजारांच्या आत. ५,००० ची पेटी आणि पंधरवड्याला भरपाई, ऐसपैस होतं. पेटीत जेवढं कमी तेवढं चुकायलाही कमी.

लाल_पेन

सहमत. त्याबरोबर एक जोडा. महिन्यातून एकदा न सांगता मोजणी. मोजणाऱ्याने आधी व्हाउचर बुक मागायचं, शेवटच्या व्हाउचरखाली रेघ मारून नंबर आणि वेळ लिहायची, आणि मगच पेटी उघडायला सांगायची. उलट केलं तर तूट दिसल्यावर एक व्हाउचर 'लिहायचं राहिलं होतं' म्हणून जन्माला येतं. ताई समोर बसलेल्या हव्यात. ५०० च्या किती, १०० च्या किती, नाणी किती, असं कागदावर लिहून दोघांच्या सह्या. मोजणी तुम्ही करू नका, नोंद तुम्ही करता. थोरल्या भागीदारांना दहा मिनिटं काढायला सांगा.

चिठ्ठी ठेवायचीच असेल तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत. त्यानंतर बिल तरी यावं, पैसे तरी.

फिरता_इंजिनिअर

दुसरी बाजूही ऐका. आम्ही खिशातून खर्च करतो, बिलं देतो आणि पैसे पाच-सहा आठवड्यांनी येतात. त्यात 'जेवणाचं बिल कुठाय' म्हणून ३० रुपये कापतात. एसटी स्टँडवर वडापाव खाल्ल्याचं बिल कोण देतं? मग लोक हॉटेलवाल्याकडून कोरं बिल घेतात, हे मी समर्थन म्हणून सांगत नाही, पण होतं.

लाल_पेन

होतं, आणि ओळखताही येतं. एकाच खानावळीची बिलं तारखेने लावा आणि नंबर बघा. ६ जूनचं बिल २१४ आणि १९ जुलैचं २१६ असेल, तर त्या खानावळीत सहा आठवड्यांत तीनच जण जेवले म्हणायचे. बिलबुकातून सलग पानं फाडून घेतली की हेच दिसतं. अक्षरही बहुधा जेवणाऱ्याचंच असतं.

पण तुमचं म्हणणं रास्त आहे. पैसे उशिरा देणारं ऑफिस खोटी बिलं शिकवतं. जेवणाला बिल मागूच नका, दिवसाचा ठरलेला भत्ता द्या. मुक्कामाला वेगळा, सकाळी जाऊन रात्री परत याला वेगळा. स्वतःची मोटरसायकल असेल तर पेट्रोलचं बिल नको, किलोमीटरला दर. निघताना आणि परतल्यावर मीटरचा फोटो, आणि ग्राहकाच्या सर्व्हिस रिपोर्टवरच्या गावाशी मेळ.

तुळशीबाग_लेजर

भत्त्यावर माझं मत वेगळं आहे. सिन्नरला जाणाऱ्यालाही तोच भत्ता आणि मुंबईला मुक्काम करणाऱ्यालाही तोच, यावर दोन महिन्यांत भांडण लागतं. मग गावांचे गट, मग त्यात अपवाद. प्रत्यक्ष खर्च, वर कमाल मर्यादा, आणि शंभरच्या आतल्या खाण्याला बिल नको, हे मला सुटसुटीत वाटतं.

लाल_पेन

शंभरच्या आत बिल नको म्हटलं की रोज दोन वेळा ९५ येतात. बघा काय परवडतं ते.

शिल्लक_शून्य

भत्त्याचं भागीदारांवर सोडते. बाकीच्या बिलांवर काय बघायचं? आमचे इंजिनिअर बहुतेक वेळा फक्त यूपीआयचा स्क्रीनशॉट पाठवतात.

तुळशीबाग_लेजर

स्क्रीनशॉट पैसे दिल्याचा पुरावा आहे, काय घेतलं त्याचा नाही. 'श्री गणेश ट्रेडर्स ६४०' यातून बेअरिंग आलं की मिठाई, कळत नाही. दोन्ही हवेत : दुकानाचं बिल आणि त्यावर हाताने लिहिलेला १२ आकडी यूपीआय नंबर. तो नंबर दाव्याच्या एक्सेल यादीत स्वतंत्र रकान्यात घाला. तोच नंबर दुसऱ्यांदा टाकला की शोधल्यावर लगेच सापडतो. एकच खर्च एकदा स्क्रीनशॉटवर आणि पुढच्या महिन्यात बिलावर मागितला जातो, बऱ्याचदा विसरून.

जीएसटीचं लक्षात ठेवा : सुट्या भागांचं बिल फर्मच्या नावावर आणि फर्मच्या जीएसटी नंबरासह हवं, इंजिनिअरच्या नावावर असेल तर क्रेडिट गेलं. चारही जणांच्या मोबाइलमध्ये नंबराचा फोटो ठेवायला सांगा. गोव्यात मुक्काम केला आणि हॉटेलने तिथला सीजीएसटी-एसजीएसटी लावला, तर महाराष्ट्रातल्या नोंदणीवर त्याचा उपयोग नाही, त्यासाठी हॉटेलशी वाद घालत बसू नये.

टोल आणि पंपाच्या त्या चकचकीत पावत्या उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर दोन दिवसांत कोऱ्या होतात. त्याच दिवशी फोटो. वर सेलोटेप चिकटवू नका, टेपखालची अक्षरं आणखी लवकर उडतात. टाचणी किंवा स्टेपल, तेही आकड्यावर नको.

रेल्वेचं तिकीट प्रवास झाल्यावरच मागू द्या. आधी दिलं आणि तिकीट रद्द झालं, तर परतावा ज्याच्या खात्यातून काढलं त्याच्याकडे जातो, आपल्याला कळतही नाही.

नियम_बोला

एका व्हाउचरला दहा हजारांची मर्यादा आहे, हे कुणीच सांगितलं नाही. मोठं बिल असेल तर दोन व्हाउचर करा.

लाल_पेन

अर्धं बरोबर, आणि उरलेलं अर्धं महागात पडेल. आयकरातली मर्यादा व्हाउचरला नाही, एका व्यक्तीला एका दिवसात दिलेल्या एकूण रोख रकमेला आहे. सकाळी सहा हजार, दुपारी सहा हजार, दोन व्हाउचर केली तरी बारा हजारच. तो खर्च धंद्याचा खर्च म्हणून धरला जात नाही. बिल तोडलेलं तर आणखी वाईट दिसतं. आणि पाच हजारांच्या पेटीत हा प्रश्न येतोच कुठे?

तीच तोडातोड मंजुरीच्या मर्यादेशीही होते. ३०० ची मर्यादा ठेवलीत की एकाच स्टेशनरी दुकानाची २८०, २९५ अशी लागोपाठ दोन बिलं येतात. तारीख तीच, दुकान तेच, नंबर सलग.

फिरता_इंजिनिअर

दावा देण्याची आणि पैसे मिळण्याची, दोन्ही तारखा ठरवा. एकाच बाजूला मुदत नको.

तुळशीबाग_लेजर

बरोबर. परतल्यापासून सात दिवसांत दावा, आणि दर शुक्रवारी आलेल्या दाव्यांचे पैसे पुढच्या बुधवारी खात्यावर. शंका असलेली ओळ बाजूला काढा, बाकीचा दावा अडवू नका. आधीच्या उचलीचा हिशेब दिल्याशिवाय नवी उचल नाही, फक्त त्याला भागीदारांनी स्वतः अपवाद करू नये.

शिल्लक_शून्य

आज पहिली भरपाई झाली. व्हाउचर ३,६४०, पेटीत १,३४०. म्हणजे २० कमी. ताईंनी लगेच सांगितलं, मंगळवारी रिक्षावाल्याकडे सुटे नव्हते, ८० ऐवजी १०० गेले आणि व्हाउचर ८० चं केलं. चार दिवसांपूर्वीचं आठवलं, महिनाअखेर आठवलं नसतं. ते व्हाउचर खोडून १०० करू का?

लाल_पेन

खोडू नका. २० चं वेगळं व्हाउचर, कारण 'सुटे नव्हते', भागीदारांची सही. चेक ३,६६० चा.

शिल्लक_शून्य

आणि दिवाळीचं पोस्त? पोस्टमन, सफाईवाले, वॉचमन. मागच्या वर्षी पेटीतून २,८०० गेले आणि एकच ओळ होती, 'दिवाळी'.

तुळशीबाग_लेजर

त्यासाठी पेटीतून नको. भागीदारांकडून आधी नावांची यादी आणि माणशी रक्कम मंजूर करून घ्या, तेवढेच पैसे वेगळे काढा, वाटताना यादीवरच सह्या, उरलेले त्याच दिवशी बँकेत. पाकिटं ताईंनी भरायची आणि वाटताना बरोबर दुसरं कुणीतरी.